जाड बालाक्लावा घातला तरी मान गारठते, कपाळ दुखतं आणि काचेवर वाफ धरते, नक्की चुकतंय कुठे?

पारा शून्याच्या आसपास आला की बाईकवाल्यांच्या तीन तक्रारी हमखास एकत्र येतात. मान आणि कानाखालची जागा बधिर होते, कपाळ ठणकतं आणि हेल्मेटच्या काचेवर सारखी वाफ धरते. मग माणूस जातो आणि दुकानात असेल तो सगळ्यात जाड बालाक्लावा, म्हणजे हेल्मेटच्या आत घालायची डोकं, कान आणि मान झाकणारी टोपी, उचलून आणतो, आणि चार दिवसांनी बघतो तर तिन्ही तक्रारी तशाच, उलट कपाळाचं दुखणं वाढलेलं. मी सलग दोन हिवाळे हेच केलं, तीन वेगवेगळे बालाक्लावा घेतले, प्रत्येक आधीच्यापेक्षा जाड, म्हणून आता जे कळलंय ते सविस्तर लिहितोय.

आधी माझी परिस्थिती सांगतो म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. पुढे विंडस्क्रीन नसलेली साधी बाईक, फुल फेस हेल्मेट, पहाटेचा चाळीस मिनिटांचा मोकळा रस्ता, स्पीड ७० च्या आसपास, तापमान १ ते उणे २. पंधराव्या मिनिटाला उजव्या कानाच्या खाली, जबडा संपतो तिथे, सुई टोचल्यासारखं व्हायला लागायचं आणि पंचविसाव्या मिनिटापर्यंत तिथलं काहीच जाणवेनासं व्हायचं. कपाळाला आडवी कळ. आणि सिग्नलला थांबलो की दोन श्वासात काच पांढरी, की मी डाव्या हाताने काच वर करणार, गार वारं थेट डोळ्यात.

तिसरा बालाक्लावा आतून केसाळ फ्लीसचा होता, हातात घेतला तरी ऊब वाटावी असा. तो घालून हेल्मेट डोक्यात जाताना दोन्ही हातांनी खाली दाबावं लागत होतं आणि मला वाटलं घट्ट बसलं म्हणजे वारं आत येणार नाही. बाराव्या मिनिटाला कपाळ इतकं दुखायला लागलं की बाईक कडेला घेतली. हेल्मेट काढलं, आरशात बघितलं तर भुवयांच्या वर दोन बोटं आडवा लाल वळ, आणि त्या वळात बालाक्लावाच्या शिवणीचे टाके मोजता येतील इतके स्पष्ट उमटलेले. मान मात्र तशीच गार.

उलगडा झाला तो एका मित्रामुळे, जो वर्षानुवर्षं थंडीत लांब लांब बाईक चालवतोय. मी त्याला म्हटलं की आता याहून जाड काही मिळेल का. तो म्हणाला, "थांब, आधी सगळं घालून बाईकवर बस, हँडल धर आणि रस्त्याकडे बघतोस तसं समोर बघ." मी बसलो. त्याने माझ्या हेल्मेटच्या खालून, कानाच्या मागे, आपली दोन बोटं सरळ आत घातली आणि गार बोटं माझ्या उघड्या कातडीला लागली. मी दचकलोच. म्हणाला, "उभा होतास तेव्हा इथे कापड होतं. पुढे वाकलास, मान वर केलीस, की बालाक्लावाचा खालचा काठ जॅकेटच्या कॉलरमधून वर सरकतो आणि ही फट उघडते. डोक्यावर तू काहीही घाल, वारं इथूनच शिरणार."

इथेच खरी गोम आहे. आपण घेतो डोक्यासाठी आणि गारठतो मानेत.

थोडा हिशोब बघा म्हणजे पटेल. कॅनडा आणि अमेरिकेत २००१ पासून विंड चिलचं जे सूत्र वापरतात ते चेहऱ्याच्या उघड्या कातडीचाच विचार करून बनवलेलं आहे. त्याप्रमाणे तापमान ० असेल आणि वारं ताशी १० किलोमीटर असेल तर कातडीला उणे ३ सारखं वाटतं, आणि तेच वारं ताशी ७० झालं की उणे ९ सारखं. हवा शांत असली तरी आपण ७० ने जातोय म्हणजे आपल्यासाठी वारं ७० चंच आहे, आणि समोरून खरोखरचं वारं असेल तर ते यात वरून मिळवायचं. पण हे सगळं उघड्या कातडीला, जिथे वारं पोचतं तिथेच लागू. हेल्मेटच्या आत टाळूपर्यंत हे वारं पोचतच नाही, वर टणक कवच, आत थर्माकोलसारख्या फोमचा जाड थर, त्याच्या आत अस्तर. हवा आत घेणारे व्हेंट बंद असतील तर टाळूला मुळात फार थंडी लागायचं कारणच नाही. म्हणजे सगळ्यात जाड कापड आपण नेमकं जिथे गरज नाही तिथे कोंबत असतो.

आणि कोंबलेलं कापड ऊब देतही नाही. फ्लीस गरम असतं ते त्याच्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे, हेल्मेटने ते दाबून चपटं केलं की हवा गेली, ऊब गेली, उरला फक्त दाब. उलट बाजूने, हेल्मेटच्या बाहेर मानेवर तेच फ्लीस फुगलेलं असतं पण वारं त्याच्यातून आरपार जातं आणि अडकलेली गरम हवा घेऊन जातं. थोडक्यात साधं जाड फ्लीस आत असताना दाबामुळे वाया आणि बाहेर असताना वाऱ्यामुळे वाया. म्हणून हेल्मेटच्या आत पातळ, आणि हेल्मेटच्या खाली वारा अडवणारं, असं दोन वेगळ्या ठिकाणांसाठी दोन वेगळ्या कापडांचा विचार करायला लागतो.

आता तुमच्या बाबतीत नक्की काय होतंय ते कसं ओळखायचं. काहीही नवीन विकत घ्यायच्या आधी हे करून बघा, खर्च काही नाही.

कपाळ दाबामुळे दुखतंय की थंडीमुळे?

हे दोन्ही दुखणं रस्त्यावर सारखंच वाटतं पण उपाय एकदम उलटे आहेत, म्हणून आधी हे वेगळं करा. घरात, उबेत, आत्ता जे लायनर, म्हणजे हेल्मेटखालची पातळ टोपी, किंवा बालाक्लावा वापरता ते घालून हेल्मेट चढवा, पट्टा लावा आणि वीस मिनिटं बसून राहा, फोनवर काही बघत बसा हवं तर. घरातच कळ आली तर थंडीचा संबंध नाही, तो दाब आहे. हेल्मेट काढल्यावर कपाळ बघा. हलका गुलाबीपणा सगळीकडे सारखा असेल तर ठीक, पण एकाच जागी गडद वळ किंवा टाक्यांची रेघ असेल तर तिथे शिवण किंवा घडी रुततेय. मग पुन्हा नुसतं हेल्मेट घालून वीस मिनिटं. आता काही दुखलं नाही तर दोष कापडाच्या जाडीचा. नुसत्या हेल्मेटनेही दुखलं तर हेल्मेटचा साइज किंवा आकारच तुमच्या डोक्याचा नाही आणि कुठलाही लायनर त्यावर उपाय नाही, त्यात अजून काही घालायला जाऊच नका.

घरात अजिबात दुखलं नाही आणि रस्त्यावर दुखतं, तर मग थंडी. त्याची खूण अशी की हेल्मेट काढून कपाळावर गरम हात ठेवला की पाचेक मिनिटांत कळ उतरते, दाबाचं दुखणं इतक्या लवकर जात नाही. अशा वेळी आधी कपाळावरचा व्हेंट बघा. माझा बंद होता पण त्याची सरकपट्टी पूर्ण बसत नव्हती, एक बारीक फट राहायची.

वारं शिरतंय कुठून?

यासाठी रंगकामाला वापरतात ती कागदी टेप घ्या, जी काढली की डाग ठेवत नाही. एकच ओळखीचा, कमी वर्दळीचा सरळ रस्ता, तोच स्पीड, आणि एका फेरीला एकच बदल. पहिली फेरी काहीही न करता, फक्त लक्ष ठेवायचं की पहिल्यांदा गार कुठे लागतं. दुसऱ्या फेरीला कपाळाच्या व्हेंटवर टेप. तिसऱ्या फेरीला ती काढून हनुवटीच्या व्हेंटवर. चौथ्या फेरीला टेप नाही, त्याऐवजी एखादा पातळ टॉवेल किंवा टीशर्टची पट्टी मानेभोवती एक वेढा घालून दोन्ही टोकं जॅकेटच्या चेनच्या आत पूर्ण खोचून टाकायची. टोक बाहेर लोंबता कामा नये, मफलरचं सुटं टोक चाकात किंवा बाईकच्या चेनमध्ये गेलं तर जिवावर बेतेल, त्यामुळे हा प्रयोग म्हणूनसुद्धा नीट खोचूनच करा. टेप काचेवर किंवा काचेच्या कडेला लावू नका, काच पटकन उघडता आली पाहिजे.

सगळं एकदम बंद करून फेरी मारली तर बरं वाटेल पण कशामुळे बरं वाटलं ते कळणार नाही, म्हणून एकेक.

माझ्या बाबतीत निकाल असा लागला. कपाळाचा व्हेंट बंद केल्यावर टाळूला फरक जाणवला, मानेला काही नाही. हनुवटीचा व्हेंट बंद केल्यावर नाकाचं टोक सुखावलं पण काचेवरची वाफ दुप्पट. आणि मानेला वेढा घातल्यावर कानाखालची ती सुई पूर्ण गायब झाली, आणि गंमत म्हणजे खांदे आणि छातीसुद्धा गरम वाटायला लागली, कारण मानेतून शिरलेलं वारं कॉलरमधून खाली जॅकेटमध्ये उतरत होतं. तीन हिवाळी खरेद्यांनी जे झालं नाही ते जुन्या टीशर्टच्या पट्टीने केलं.

मग लायनर, बालाक्लावा की गेटर?

फक्त टाळू आणि कपाळ गार होत असेल आणि मान व्यवस्थित झाकली जात असेल तर कानापर्यंत येणारी पातळ टोपी, म्हणजे स्कल कॅपसारखा लायनर पुरतो. घाम शोषून घेतो, हेल्मेटचं अस्तर स्वच्छ राहतं हा वेगळा फायदा. मान गार होत असेल तर मात्र हा काहीच कामाचा नाही.

फक्त मान आणि हनुवटी गार होत असेल तर नेक गेटर, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी. डोक्यात काही जात नाही त्यामुळे हेल्मेटच्या फिटिंगला धक्का नाही, आणि दुपारी ऊन आलं की हेल्मेट न काढता खाली ओढता येतो. माझ्या मते दहातल्या सात जणांनी सुरुवात इथूनच करायला हवी.

बालाक्लावा तेव्हा, जेव्हा डोकं, कान, गाल, मान सगळंच लागतंय आणि हेल्मेटमध्ये तेवढी जागा आहे. यात डोक्यावरचा भाग पातळ आणि मानेचा भाग जाड, शक्यतो पुढून वारा अडवणारा, असे दोन कापडांचे मिळतात ते बघा. माकडटोपीसारखा सगळीकडे सारखाच जाड असलेला नको. मानेखाली छातीवर आणि पाठीवर पसरणारी झालर असेल तर उत्तम, कारण पुढे वाकल्यावर ती कॉलरमधून निसटून वर येत नाही आणि माझी जी मूळ फट होती ती उघडतच नाही.

कापडाचं म्हणाल तर डोक्याला पातळ मेरिनो लोकर, रेशीम किंवा घाम ओढून घेणारं पातळ पॉलिएस्टर. मेरिनो जरा महाग पडते पण ओलसर झाली तरी ऊब बऱ्यापैकी टिकवते आणि वास लवकर धरत नाही, रोजच्या वापराला मला तीच आवडते. सुती नको, घामाने किंवा श्वासाने भिजलं की लवकर वाळत नाही आणि ओलं कापड कातडीला चिकटून उलट गारवा देतं. निओप्रीन, म्हणजे पाणबुड्यांच्या सूटचं ते रबरी कापड, वारा छान अडवतं पण श्वासाची वाफ बाहेर जाऊ देत नाही, अर्ध्या तासात तोंडाजवळ पाणी साचल्यासारखं होतं, त्यामुळे तोंडावर नकोच, फक्त मानेवर आणि तेही कमी वेळासाठी चालेल. वाऱ्याची परीक्षा दुकानातच घेता येते, कापड एक पदरी ताणून तोंडाशी धरा आणि जोरात फुंकर मारा, पलीकडे हात ठेवा. हाताला फुंकर लागली तर ७० च्या स्पीडचं वारं त्यातून जाणारच. मानेच्या पुढच्या भागाला फुंकर लागता कामा नये, पण तोंडासमोरच्या भागाला लागलीच पाहिजे.

कापड आतून उलटं करून शिवणींवर बोट फिरवून बघा. चपट्या, एकमेकींवर न चढलेल्या शिवणी बोटाला जवळपास लागत नाहीत. कपाळावर आडवी आणि टाळूच्या मधोमध उभी शिवण असेल आणि बोटाला उंचवटा लागत असेल तर तो घेऊ नका, हेल्मेटखाली तीच शिवण तासाभरात टोचायला लागते, माझ्या कपाळावरचे टाके तसेच उमटले होते.

हेल्मेट अजून नीट बसतंय ना?

हा भाग कृपा करून वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. कापड घातल्यावर हेल्मेट दोन प्रकारे बिघडतं. एक म्हणजे घट्ट, ते दुखल्यामुळे लगेच कळतं. दुसरं जास्त वाईट, ते म्हणजे गुळगुळीत कापडामुळे हेल्मेट डोक्यावर फिरायला लागतं, किंवा रोजच्या जाड कापडाने गालाच्या गाद्या दबून जातात आणि उन्हाळ्यात कापड काढल्यावर तेच हेल्मेट ढिलं होतं.

परीक्षा अशी, लायनर घालून हेल्मेट घाला, पट्टा रोजच्यासारखा बांधा. दोन्ही हात मागे नेऊन हेल्मेटची मागची खालची कड धरा आणि वर आणि पुढे ओढा. हेल्मेट डोळ्यांवर घसरून निघायला लागलं तर ते कापड बाद. मग हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावीकडे उजवीकडे हलवा, गालाची आणि कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलायला हवी, हेल्मेट एकटंच कापडावरून घसरत असेल तर तेही बाद. पट्ट्याखाली गेटरची चुणी अडकली असेल तर पट्टा घट्ट वाटतो पण चुणी सुटली की दोन बोटांऐवजी चार बोटं जातील इतका ढिला होतो, म्हणून पट्टा बांधायच्या आधी हनुवटीखालचं कापड हाताने सपाट करा आणि बांधल्यावर एकदा ओढून बघा.

जागा कमी पडतेय म्हणून आतला फोम कापणं, खरवडणं, अंगठ्याने दाबून खळगा करणं हे कधीही करू नका, अपघातात तोच फोम चिरडून धक्का पचवतो. बऱ्याच हेल्मेटांना त्याच कंपनीच्या कमी-जास्त जाडीच्या गालाच्या गाद्या मिळतात, जागा करायची तर तो रस्ता. आणि एकच हेल्मेट बारा महिने वापरणार असाल तर त्यात मावेल इतकंच पातळ कापड घ्या, हेल्मेट कापडासाठी मोठं घेऊ नका.

आता काचेवरची वाफ

वाफ येते ती आपल्याच श्वासातून. दमट गरम श्वास गार काचेला लागला की त्याचे बारीक थेंब होतात, एवढंच. पण कापडाचा यात फार मोठा हात असतो आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. नाकावरून कापड घेतलं की श्वासाला खाली जायला वाट राहत नाही, तो नाकाच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यातून वर येतो, सरळ चष्म्यावर आणि काचेवर. खात्री करायची असेल तर कापड नाकावर घेऊन डोळ्यांच्या खाली बोट आडवं धरा आणि जोरात श्वास सोडा, बोटाला गरम झोत लागेल. आता कापड नाकाखाली, वरच्या ओठावर आणा आणि पुन्हा सोडा. झोत खाली गेलेला असेल.

म्हणून पहिला आणि फुकटचा उपाय, नाक उघडं ठेवा. नाक फुल फेस हेल्मेटच्या आत असतं, तिथे थेट वारं फारसं नसतं, थोडं गार लागतं पण सहन होतं. हे अगदीच जमत नसेल तर नाका-तोंडासमोर जाळीचा किंवा भोकांचा भाग असलेला बालाक्लावा घ्या. बहुतेक हेल्मेटात नाकावर बसणारी रबरी पट्टी, ब्रेथ गार्ड, असते किंवा वेगळी मिळते, ती लावा आणि कापड तिच्या खाली राहू द्या, तिच्यावर चढवू नका, नाहीतर ती श्वास खाली वळवण्याचं काम करतच नाही. हनुवटीखालचा पडदा, चिन कर्टन, वारं छान अडवतो पण वाफही आत कोंडतो, तो लावला तर हनुवटीचा व्हेंट उघडा ठेवावा लागतो. आणि यापुढे जाऊनही वाफ येत असेल तर काचेच्या आत बसणारा पिनलॉकचा दुसरा पडदा, दोन काचांच्या मध्ये हवेचा थर राहतो म्हणून आतली बाजू तेवढी गार होत नाही. शून्याखाली रोज जाणाऱ्याने तो घ्यावाच, पण आधी कापड नाकाखाली आणून बघा, माझी निम्म्याहून जास्त वाफ तेवढ्यानेच गेली.

चष्मा असेल तर बालाक्लावाचं डोळ्याचं भोक इतकं मोठं हवं की हेल्मेट घातल्यानंतर काड्या कापडाच्या बाहेरून, कानावर सरकवता येतील. काड्या कापडाखाली दाबल्या तर कानशीलं दुखतात.

शेवटी मी काय लावलं

डोक्याला पातळ मेरिनोची, कानापर्यंत येणारी टोपी. मानेला वेगळा गेटर, पुढचा भाग वारा अडवणारा आणि मागचा भाग पातळ. मागचा पातळ का, तर हेल्मेटची मागची कड आणि जॅकेटची कॉलर यांच्यामध्ये जाड कापडाचा गोळा झाला की मान वळत नाही आणि वळवली की हेल्मेट पुढे ढकललं जाऊन डोळ्यांवर येतं. लेन बदलताना खांद्यावरून मागे बघता यायलाच हवं, बाईकवर बसून दोन्ही बाजूंना बघून खात्री करा. गेटरची लांबी उभं राहून मोजू नका, हँडल धरून, समोर बघत, दुसऱ्याला मोजायला सांगा. खालच्या ओठापासून गळ्याच्या खळग्यापर्यंत आणि त्याच्या खाली अजून चार बोटं, इतकी हवीच, नाहीतर निसटणार.

घालायचा क्रम आधी चुकायचा त्यामुळे तोही सांगतो. कानात इअरप्लग आधी, कारण टोपीवरून ते नीट बसत नाहीत. मग टोपी, तिची घडी कपाळावर नको. मग गेटर गळ्यात, त्याचा खालचा काठ आतल्या टीशर्टवर सपाट पसरवायचा, मग जॅकेटची चेन वरपर्यंत. मग हेल्मेट, आणि हेल्मेट घातल्यावर गेटरचा वरचा काठ दोन्ही हातांनी पकडून हेल्मेटच्या खालच्या कडेच्या आत, गालाच्या गादीच्या खाली सरकवायचा. हीच ती शेवटची पायरी जी सगळे विसरतात, काठ हेल्मेटच्या बाहेर राहिला की वारं त्याला पकडून खाली ओढतं आणि दहा मिनिटांत फट उघडी. त्यानंतर पट्टा, मग ग्लोव्हज. ग्लोव्हज घालून यातलं काहीच जमत नाही.

यानंतर पहिल्याच सकाळी, उणे १ मध्ये, चाळीस मिनिटं मान कोरडी आणि गरम, कपाळावर वळ नाही, काच सिग्नलला खालच्या बाजूला किंचित धूसर झाली आणि गाडी हलली की चार सेकंदात साफ.

मर्यादाही आहे. तासाभरापेक्षा जास्त वेळ झाला की हनुवटीसमोरचं कापड श्वासाने भिजतं आणि उणे ५ च्या खाली त्याचा बाहेरचा भाग कडक व्हायला लागतो. असं झालं की ते कापड ऊब देत नाही, खिशात दुसरा कोरडा गेटर ठेवा आणि थांबून बदला. कानाची पाळी, नाकाचं टोक किंवा जबड्याची कड दुखायची थांबून एकदम बधिर झाली आणि आरशात पांढुरकी किंवा फिकट दिसली तर तिथेच थांबा, आडोशाला जा, उबदार तळहात नुसता ठेवा. चोळू नका, त्याने कातडीला इजा होते. शेक घ्यायला इंजिन किंवा सायलेन्सरजवळ तोंड नेऊ नका, बधिर जागेला चटका बसलेला कळत नाही. अर्ध्या तासात संवेदना आणि रंग परत आला नाही किंवा फोड आला तर डॉक्टरकडेच.

तीन आठवड्यांनी माझी वाफ पुन्हा सुरू झाली होती, सगळं तेच असताना. शोधलं तर गेटरच्या वरच्या काठाचं इलॅस्टिक सैल पडलं होतं, कारण मी तो गरम पाण्यात धुऊन हीटरवर वाळवत होतो, त्यामुळे खाली ठेवलेला काठ गाडी चालवताना ब्रेथ गार्डवर चढून बसायचा. टोपीलासुद्धा फॅब्रिक सॉफ्टनर लावत होतो, त्याने तंतूंवर थर बसतो आणि घाम शोषला जात नाही. आता दोन्ही कोमट पाण्यात साध्या साबणाने धुतो, सावलीत वाळवतो, आणि काठ दोन बोटांनी ताणून सोडल्यावर लगेच परत येत नसेल तर त्यात नवीन इलॅस्टिक ओवून घेतो.